यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ प्रोसेसिंगवर का थांबून राहतो आणि 1080p, 4K कधी दिसू लागतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे यूट्यूबवर संगणकातून किंवा फोनमधून चढवलेल्या नेहमीच्या व्हिडिओंविषयी आहेत. कीर्तन, नाट्यप्रयोग, व्याख्यान, लग्नसमारंभ अशी लांबलचक चित्रीकरणे चढवणाऱ्यांना ही अडचण सर्वाधिक येते, म्हणून उदाहरणही तशाच चित्रीकरणाचे घेतले आहे.

अपलोड शंभर टक्के झाले असे दाखवते, मग व्हिडिओ अजून तयार का नाही?

अपलोड आणि प्रोसेसिंग ही दोन वेगळी कामे आहेत. अपलोड म्हणजे तुमच्या संगणकावरची फाइल जशीच्या तशी यूट्यूबच्या सर्व्हरवर पोहोचणे, आणि त्याचा वेग तुमच्या इंटरनेट जोडणीच्या अपलोड वेगावर अवलंबून असतो. प्रोसेसिंग म्हणजे पोहोचलेल्या त्या फाइलपासून प्रेक्षकांना दाखवण्यासाठी नव्या प्रती तयार करणे. तुम्ही पाठवलेली मूळ फाइल प्रेक्षकाला कधीच थेट दाखवली जात नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती 144p पासून 4K पर्यंतच्या वेगवेगळ्या प्रतींपैकी त्याच्या पडद्याला आणि नेटला झेपेल अशी एक प्रत.

या फरकाला व्यवहारातही महत्त्व आहे. अपलोड चालू असताना ब्राउझरची ती खिडकी बंद केली किंवा लॅपटॉप झोपी गेला, तर काम तिथेच तुटते. अपलोड पूर्ण झाल्यावर मात्र पुढचे सगळे काम यूट्यूबच्या यंत्रांवर चालते, त्यामुळे संगणक बंद केला तरी प्रोसेसिंगला बाधा येत नाही, आणि तो रात्रभर चालू ठेवल्याने ते लवकरही होत नाही.

व्हिडिओ दिसू लागला, पण चित्र धूसर आहे. फाइल बिघडली का?

बहुधा नाही. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करते आणि ती तयार होताच व्हिडिओ पाहता येऊ लागतो. त्या वेळी दर्जाच्या यादीत साधारणपणे 360p एवढेच दिसते. 720p, 1080p आणि त्यांहून वरच्या प्रती मागून येतात आणि त्यांना काही तास लागू शकतात. या काळात जो कोणी व्हिडिओ उघडेल त्याला धूसर चित्रच दिसेल, मग त्याचा फोन कितीही चांगला असो. चित्रीकरण खराब झाले असे समजून घाईघाईने व्हिडिओ काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी फाइल उत्तम होती.

4K प्रत तयार व्हायला किती वेळ धरावा?

यूट्यूबने आपल्या मदतपानावर दिलेले उदाहरण असे आहे की, सेकंदाला ३० फ्रेमचा, ६० मिनिटांचा 4K व्हिडिओ असेल, तर उच्च दर्जाचे प्रोसेसिंग पूर्ण व्हायला चार तासांपर्यंत वेळ लागू शकतो; सेकंदाला ६० फ्रेम असतील तर त्याहूनही जास्त. हे आश्वासन नसून अंदाज आहे. प्रत्यक्षात काम पुष्कळदा आधीच उरकते, पण नियोजन करताना हाच आकडा धरावा असे माझे मत आहे.

एक हिशेब करून पाहू. समजा, ४२ मिनिटांचे कीर्तन सेकंदाला ३० फ्रेमने 4K मध्ये चित्रित केले आणि निर्यात करताना बिटरेट सेकंदाला ४५ मेगाबिट ठेवला. ४२ मिनिटे म्हणजे २,५२० सेकंद, म्हणून फाइल १,१३,४०० मेगाबिटची, म्हणजे सुमारे १४ गिगाबाइटची झाली. घरच्या जोडणीचा अपलोड वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल, तर ही फाइल पोहोचायला सुमारे ९५ मिनिटे लागतील. रात्री ८ वाजता सुरुवात केली तर अपलोड ९ वाजून ३५ मिनिटांनी संपेल. त्यानंतर वरच्या प्रमाणात २ तास ४८ मिनिटे धरली, तर 4K प्रत मध्यरात्र उलटून २०-२५ मिनिटांनी हाती येईल. सकाळी ७ वाजता व्हिडिओ सर्वांसाठी खुला करायचा असेल, तर आदल्या रात्री ८ ही वेळ अगदी योग्य आहे. पहाटे ५ वाजता सुरुवात केली तर मात्र सकाळी श्रोत्यांना धूसर कीर्तन पाहावे लागेल.

हेच चित्रीकरण 1080p मध्ये सेकंदाला ८ मेगाबिटने निर्यात केले असते, तर फाइल अडीच गिगाबाइटची झाली असती आणि त्याच जोडणीवर १७ मिनिटांत पोहोचली असती. एकाच कॅमेऱ्याने एका जागेवरून घेतलेल्या कीर्तनाला 4K ची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न चढवण्यापूर्वी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

पण हा वेळ नेमका जातो कुठे? एवढ्या मोठ्या कंपनीकडे यंत्रे कमी आहेत का?

यंत्रे कमी नाहीत, पण कामही अवाढव्य आहे. यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांहून अधिक चित्रफीत चढते. आलेली प्रत्येक फाइल लहान लहान तुकड्यांत कापली जाते, ते तुकडे अनेक यंत्रांना वाटून दिले जातात, प्रत्येक तुकड्यापासून वेगवेगळ्या रिझोल्यूशनच्या प्रती बनतात आणि शेवटी ते तुकडे पुन्हा क्रमाने जोडले जातात. केवळ या कामासाठी गूगलने स्वतःची चिप तयार केली असून तिची माहिती २०२१ मध्ये जाहीर केली.

वेळेतल्या तफावतीची मुख्य कारणे दोन आहेत. पहिले कारण पिक्सेलचे. 4K च्या एका फ्रेममध्ये 1080p च्या फ्रेमच्या चौपट पिक्सेल असतात, आणि सेकंदाला ६० फ्रेम असतील तर काम पुन्हा दुप्पट होते. दुसरे कारण कोडेकचे, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीचे. H.264 ही जुनी पद्धत आहे. तिच्यात प्रत लवकर बनते आणि ती जवळजवळ प्रत्येक फोनवर चालते. VP9 आणि AV1 या नव्या पद्धतींत तेवढ्याच दर्जाचे चित्र कमी डेटात बसते, परंतु ते बसवण्यासाठी यंत्राला कितीतरी जास्त गणित करावे लागते. यूट्यूब 1440p आणि 4K या प्रती H.264 मध्ये देत नाही. त्या नव्या पद्धतींतच बनतात. म्हणजे सर्वांत मोठे चित्र सर्वांत मेहनतीच्या पद्धतीने बनवायचे असते, आणि म्हणूनच ते सर्वांत शेवटी येते.

याचा एक परिणाम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. 1080p ची H.264 प्रत आधी तयार होऊन तिच्या जागी काही वेळाने VP9 ची प्रत येऊ शकते. त्यामुळे यादीत दोन्ही वेळा 1080p असेच दिसले, तरी आज सकाळी खडबडीत वाटलेले चित्र संध्याकाळी स्वच्छ वाटू शकते.

वरच्या प्रती तयार झाल्या हे खात्रीने कसे ओळखावे?

यूट्यूब स्टुडिओमध्ये अपलोडच्या चौकटीत तळाशी SD, HD, 4K अशा छोट्या खुणा असतात. ज्या दर्जाचे काम पूर्ण होते त्याची खूण उजळते. याशिवाय व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून, पान पुन्हा लोड करून, चाकाच्या चिन्हामागील Quality ही यादी पाहावी. पान पुन्हा लोड करणे आवश्यक आहे, कारण आधीपासून उघड्या असलेल्या प्लेअरला नव्या प्रतींची खबर नसते.

आणखी खोलात जायचे असेल, तर संगणकावर प्लेअरवर उजवे बटण दाबून Stats for nerds निवडावे. तिथे Codecs या ओळीत avc1 दिसले तर ती H.264 ची प्रत, vp09 दिसले तर VP9 ची आणि av01 दिसले तर AV1 ची. त्याच चौकटीत चालू असलेले रिझोल्यूशन आणि प्लेअरने त्या क्षणी योग्य ठरवलेले रिझोल्यूशन, दोन्ही दिसतात. ‘माझ्याकडे धूसर दिसते’ असे प्रेक्षकाने कळवले, तर प्रत तयार नाही की त्याच्या फोनवर डेटा वाचवण्याची सेटिंग चालू आहे, याचा निकाल ही चौकट आणि Quality ची यादी मिळून लागतो.

टक्केवारी एकाच आकड्यावर कित्येक तास थांबली आहे. काम चालू आहे की अडकले आहे?

त्या टक्केवारीवर फार विश्वास ठेवू नये. तुकड्यांचे काम समांतर चालत असल्यामुळे आकडा सरळ रेषेत चढत नाही. तो पुष्कळ वेळ एका जागी राहून एकदम पुढे सरकू शकतो. सर्वप्रथम पान पुन्हा लोड करावे आणि शक्य असल्यास दुसऱ्या ब्राउझरमधून स्टुडिओ उघडावा, कारण पुष्कळदा काम पूर्ण झालेले असते आणि जुनी खिडकीच मागे राहिलेली असते.

तरीही बदल नसेल, तर मी एक चाचणी सुचवतो, जी इतर कोणत्याही उपायापेक्षा जास्त सांगते. फोनवर अर्ध्या मिनिटाचे कसलेही साधे चित्रीकरण करून ते Private ठेवून चढवावे. तेही अडकून बसले, तर दोष तुमच्या फाइलमध्ये नाही; तो यूट्यूबच्या बाजूला किंवा तुमच्या खात्यात असावा, आणि तिथे वाट पाहण्याखेरीज फारसे काही करता येत नाही. ते काही मिनिटांत पार पडले आणि मोठा व्हिडिओ मात्र हललाच नाही, तर फाइलकडे संशयाने पाहावे.

वाट किती पाहावी? 360p ची प्रतही काही तासांत आली नाही, तर तपास सुरू करावा. 360p आली आहे आणि केवळ 4K राहिली आहे, तर पूर्ण एक दिवस थांबण्यास हरकत नाही. या दोन परिस्थिती एकसारख्या नाहीत. पहिल्यात यंत्रणेला फाइल वाचताच येत नसण्याची शक्यता असते; दुसऱ्यात फाइल वाचली गेल्याचे सिद्धच झालेले असते.

फाइलमधील दोष घरी कसा तपासावा?

यूट्यूबने ‘Processing abandoned’ असा संदेश दाखवला, तर प्रोसेसिंग सोडून दिले आहे आणि कारण त्याच ओळीत पुढे दिलेले असते. व्हिडिओ प्रमाणाबाहेर लांब असणे हे एक कारण आहे: खात्याची फोन क्रमांकाने पडताळणी झालेली नसेल तर १५ मिनिटांची मर्यादा असते, आणि पडताळणीनंतर १२ तास किंवा २५६ गिगाबाइट, यांपैकी जे कमी असेल ते. दुसरे कारण फाइल वाचता न येणे, आणि त्याचे मूळ बहुधा चित्रीकरणाच्या वेळीच असते.

हे मी स्वतः अनुभवले आहे. एका दीर्घ कार्यक्रमाच्या अखेरीस माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली आणि तो बंद पडला. कार्डावर फाइल होती, तिचा आकारही योग्य वाटत होता, म्हणून ती न उघडताच मी चढवली. अपलोड शंभर टक्के झाले, पण प्रोसेसिंग शून्यावरून हलले नाही. MP4 फाइलमध्ये चित्राच्या आणि आवाजाच्या माहितीबरोबरच moov नावाचा एक भाग असतो, ज्यात कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची अनुक्रमणिका असते. कॅमेरा हा भाग साधारणतः चित्रीकरण थांबवताना लिहितो. वीज अचानक गेली की चित्र कार्डावर असते, पण अनुक्रमणिका नसते, आणि तिच्याशिवाय कोणत्याही प्लेअरला ते चित्र शोधता येत नाही.

हा दोष ओळखण्यासाठी एफएफएमपेग हे मोफत साधन पुरेसे आहे. पुढची आज्ञा फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पाहते आणि केवळ चुका दाखवते:

```
ffmpeg -v error -i kirtan.mp4 -f null -
```

काहीच न दाखवता आज्ञा संपली, तर फाइल शेवटपर्यंत वाचता येते. माझ्या फाइलवर `moov atom not found` ही ओळ ताबडतोब आली. काही कॅमेरे तेच कार्ड पुन्हा घातल्यावर अपूर्ण फाइल दुरुस्त करण्याची तयारी दाखवतात; म्हणून कार्ड फॉरमॅट करण्याआधी तो प्रयत्न अवश्य करावा. तसे न झाल्यास `untrunc` नावाचे साधन आहे, जे त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर घेतलेल्या दुसऱ्या चांगल्या फाइलचा आधार घेऊन अनुक्रमणिका पुन्हा बांधते.

फाइल निर्दोष आहे, तरी प्रोसेसिंग उशिरा सुरू होते. निर्यात करताना काय पाहावे?

पुन्हा तीच अनुक्रमणिका पाहावी. ती फाइलच्या शेवटी असेल तर पूर्ण फाइल पोहोचल्याखेरीज काम सुरू करणे अवघड असते. सुरुवातीला असेल तर फाइल येत असतानाच ती वाचता येते. यूट्यूबने आपल्या शिफारशींत moov सुरुवातीला ठेवण्यास सांगितले आहे, आणि संपादनाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये Fast Start या नावाचा पर्याय त्यासाठीच असतो. निर्यात आधीच झालेली असेल, तर चित्राला हात न लावता केवळ हा बदल असा करता येतो:

```
ffmpeg -i kirtan.mp4 -c copy -movflags +faststart kirtan-2.mp4
```

यात चित्र पुन्हा दाबले जात नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि वेळ फाइलची नक्कल करण्याइतकाच लागतो. याखेरीज MP4, H.264 आणि AAC आवाज एवढे धरून ठेवले की पुरते. प्रोरेझसारखी संपादनासाठीची स्वरूपेही यूट्यूब स्वीकारते, परंतु त्या फाइली इतक्या अवजड असतात की घरच्या जोडणीवर अपलोडमध्येच दिवस जातो.

एक दिवस उलटला, तरी 4K आलीच नाही. आता?

आधी चढवलेली फाइल खरोखर 4K होती का ते पाहावे:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=width,height -of default=nw=1 kirtan.mp4
```

उत्तरात `width=3840` आणि `height=2160` यायला हवे. पुष्कळदा कॅमेरा 4K असतो, पण संपादनाचा प्रकल्प 1920×1080 वर उघडलेला असतो आणि निर्यातही तशीच होते. व्हॉट्सॲपवरून साध्या व्हिडिओच्या रूपात आलेली फाइल तर वाटेतच लहान झालेली असते. मूळ फाइल हवी असल्यास ती डॉक्युमेंट म्हणून मागवावी. उभ्या व्हिडिओत आणखी एक गफलत होते: १०८० रुंद आणि १९२० उंच अशा व्हिडिओला यूट्यूब 1080p असेच म्हणते, कारण तिथे लहान बाजू मोजली जाते.

प्रेक्षकांना धूसर चित्र दिसू नये यासाठी व्हिडिओ कधी खुला करावा?

अपलोड करताना व्हिडिओ Private किंवा Unlisted ठेवावा, हव्या त्या दर्जाची खूण उजळेपर्यंत थांबावे आणि मगच Public करावा. वेळ ठरलेली असेल तर Schedule वापरावे, पण ती वेळ वर दाखवलेल्या हिशेबाने ठरवावी. ठरलेल्या वेळी 4K तयार नसेल म्हणून व्हिडिओ अडून राहत नाही, तो आहे त्या दर्जात खुला होतो. स्वामित्वहक्काची तपासणी हे आणखी एक काम आहे आणि तिचा निकाल 4K च्या प्रतीशी जोडलेला नाही, म्हणून तपासणीत काही आढळले नाही एवढ्यावरून सगळ्या प्रती तयार आहेत असे समजू नये.

अडकलेला व्हिडिओ काढून पुन्हा चढवला तर चालेल का?

360p प्रत चालू असेल तर तसे करू नये. यूट्यूबवर त्याच दुव्याखाली फाइल बदलता येत नाही. पुन्हा चढवलेल्या व्हिडिओला नवा दुवा मिळतो, आधी पाठवलेला दुवा निकामी होतो, त्यावरची दर्शने आणि प्रतिक्रिया जातात आणि 4K चे काम पुन्हा पहिल्या तुकड्यापासून सुरू होते. वरच्या हिशेबातला माणूस रात्री ११ वाजता कंटाळून व्हिडिओ काढून टाकतो आणि पुन्हा चढवतो, तेव्हा जे सव्वाबाराच्या सुमारास झाले असते ते पहाटे साडेतीनच्या आसपास ढकलले जाते.

पुन्हा चढवणे योग्य ठरते ते ‘Processing abandoned’ दिसल्यावर, किंवा फाइल तपासून तिच्यात दोष सापडल्यावर, आणि तेव्हाही दुरुस्त केलेली फाइलच चढवावी. आरंभी किंवा शेवटी नको असलेला भाग राहिला आहे एवढेच कारण असेल, तर स्टुडिओच्या संपादकात तो कापता येतो आणि दुवा तोच राहतो. कापलेली आवृत्ती तयार होईपर्यंत प्रेक्षकांना जुनीच दिसत राहते, आणि त्यालाही काही तास लागू शकतात.

थेट प्रक्षेपण संपल्यावर त्याचा व्हिडिओ लगेच पूर्ण दर्जात का मिळत नाही?

प्रक्षेपणाच्या वेळी बनलेल्या प्रती तातडीने बनवलेल्या असतात. संपूर्ण कार्यक्रमाचा साठवायचा व्हिडिओ नंतर तयार केला जातो आणि त्याला वरच्यासारखाच वेळ लागतो. १२ तासांहून कमी लांबीच्या प्रक्षेपणाचा असा व्हिडिओ आपोआप तयार होतो. त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या भजनाचे किंवा जागराचे प्रक्षेपण मध्येच एकदा थांबवून दोन भागांत करावे, आणि कॅमेऱ्यातील कार्डावर स्वतंत्र चित्रीकरणही चालू ठेवावे, म्हणजे साठवलेल्या व्हिडिओत काही बिघडलेच तर चढवायला मूळ फाइल हाताशी असेल.